परत केलेल्या कुर्त्यावर सूट किती होती?

एक साधी ऑनलाइन ऑर्डर घेऊ. कुर्ता ६०० रुपयांचा, इस्त्री ६०० रुपयांची आणि पुस्तक २०० रुपयांचं. बेरीज १,४००. '१,२०० किंवा त्याहून जास्त खरेदीवर १०० रुपये सूट' असं कूपन होतं, ते लागलं आणि १,३०० रुपये भरले. माल घरी आला. इस्त्री झकास, पुस्तक वाचायला घेतलं, पण कुर्ता खांद्यात आवळतोय. तो परत केला. आता खात्यात किती रुपये यायला हवेत?

घरात चार माणसं असतील तर चार उत्तरं मिळतील. एकजण म्हणेल, कुर्त्यावर ६०० छापलेत, ६०० द्या. दुसरा म्हणेल, सूट १,२०० च्या वर होती, आता ८०० चाच माल उरला, म्हणजे सूट गेली, ५००च मिळणार. तिसरा शंभराचे तीन सारखे भाग करून ५६६ रुपये ६७ पैसे सांगेल. आणि बहुतेक दुकानांची यंत्रणा खात्यात टाकते ५५७ रुपये १४ पैसे. एवढा विचित्र आकडा पाहून माणसाला वाटतं की काहीतरी कापून घेतलं.

गंमत अशी की सूट कुर्त्याला मिळालीच नव्हती. इस्त्रीलाही नव्हती, पुस्तकालाही नव्हती. ती बेरजेला मिळाली होती. कुर्ता परत जायला निघेपर्यंत 'कुर्त्यावर किती सूट होती' या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. ते मागाहून तयार करावं लागतं, आणि ते असं तयार करावं लागतं की उद्या इस्त्री आणि परवा पुस्तकही परत आलं तरी हिशेब कुठे फाटू नये.

या कसोटीवर ६०० चं उत्तर लगेच पडतं. तिन्ही वस्तू एकेक करून छापील किमतीला परत केल्या तर १,३०० भरून १,४०० मिळतील. असं दुकान महिनाभरसुद्धा चालणार नाही. तीन सारखे भाग करण्याची कल्पना वरून न्यायी दिसते, पण ऑर्डरमध्ये पुस्तकाऐवजी २० रुपयांची फूटपट्टी असती तर तिच्यावर ३३ रुपयांची सूट पडून तिची किंमत शून्याच्याही खाली गेली असती.

५०० चं उत्तर मात्र इतक्या सहज झटकता येत नाही. त्यामागे पक्का तर्क आहे. आत्ता जो माल तुमच्याकडे उरलाय तेवढाच पहिल्यापासून घेतला असता तर किती भरले असते? इस्त्री आणि पुस्तक, ८०० रुपये, कूपन लागलंच नसतं. भरलेत १,३००, म्हणून ५०० परत. या पद्धतीत बेरीज कधीच चुकत नाही, कारण प्रत्येक वेळी 'आधी इतकं देणं होतं, आता इतकं आहे' एवढीच वजाबाकी होते. सगळं परत केलं की देणं शून्य होतं आणि १,३०० पुरे होतात.

पण आता कुर्ता नणंदेचा आणि इस्त्री वहिनीची आहे असं धरा. दोघींनी मिळून मागवलं आणि दोघींनाही वस्तू परत करायची आहे. नणंदेने आधी केली तर तिला ५०० मिळतात. मग वहिनीच्या इस्त्रीचे ८०० वजा २००, म्हणजे पूर्ण ६०० येतात. वहिनीने घाई केली तर हेच उलट होतं. किंमत एक, ऑर्डर एक, आणि कुरिअरवाला आधी कोणाच्या दारी आला यावर शंभर रुपये इकडचे तिकडे.

त्याहून मजेशीर प्रकार कूपनची पायरी गाठण्यासाठी टाकलेल्या वस्तूचा. तुमचा माल १,१५० चा झालाय, कूपनला ५० कमी पडतायत. तुम्ही ८० रुपयांचं एक छोटं पुस्तक टाकता. बेरीज १,२३०, सूट जाऊन १,१३० भरले. म्हणजे पुस्तक घेतल्यावर बिल न घेतल्यापेक्षा २० रुपयांनी कमी झालं! आता ते पुस्तक परत करा. वरच्या तर्काने उरलेल्या मालाचं देणं १,१५०, भरलेत १,१३०. तेव्हा पुस्तक परत करताना तुम्हीच दुकानाला २० रुपये द्यायचे. तर्क बिनचूक आहे, पण हे ग्राहकाच्या गळी कोण उतरवणार? ही पद्धत वापरणारं शहाणं दुकान अशा वेळी परतावा शून्यावर थांबवतं आणि वीस रुपये सोडून देतं.

आता ५५७.१४ कडे येऊ. इथली कल्पना एका वाक्याची आहे: ऑर्डरमधला प्रत्येक रुपया सारखाच स्वस्त झाला. १,४०० चा माल १,३०० ला मिळाला, म्हणजे प्रत्येक छापील रुपयासाठी तुम्ही तेरा-चौदांश रुपया, साधारण ९२.८६ पैसे मोजले. कुर्त्याचे ६०० रुपये या भावाने ५५७.१४ होतात, इस्त्रीचेही तेवढेच, पुस्तकाचे १८५.७१ आणि वर थोडंसं. आधी कोण परत करतं याने काही बिघडत नाही, नणंद-वहिनी दोघींना सारखेच मिळतात, आणि कुठलीही वस्तू शून्याखाली जात नाही. कूपन 'फक्त कपड्यांवर' असेल तर भागाकार फक्त कपड्यांच्या बेरजेने करायचा, आणि एखाद्या वस्तूवर आधीच वेगळी सूट असेल तर ती वजा केल्यावरची किंमत धरायची. बाकी गणित तेच.

ही पद्धत ग्राहकाला थोडं सैल सोडते, हेही कबूल करायला हवं. ते ८० रुपयांचं पुस्तक या हिशेबाने परत केलं तर ७३.५० मिळतात आणि १,१५० चा माल १,०५६.५० ला पदरात पडतो, पायरी न गाठताच. दुकानांना हे ठाऊक असतं. बरीचशी हा तोटा पोटात घालतात, कारण 'तुम्हीच वीस रुपये द्या' हे समजावण्यात त्याहून जास्त खर्च होतो. मला विचाराल तर हा व्यवहारी शहाणपणा आहे.

खरी नवलाई यापुढे सुरू होते, जेव्हा हे भाग पैशात लिहायची वेळ येते.

कुर्त्याच्या वाट्याला आलेली सूट नेमकी लिहिली तर ती ४२.८५७१४२८५७१४२… रुपये. इस्त्रीची तीच. पुस्तकाची १४.२८५७१४२८५७… रुपये. आकडे नीट पाहा, १४२८५७ ही एकच साखळी वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू होऊन फिरतेय. साताने भागलं की हे होतंच. आणि ही साखळी आपल्या घरची आहे असं म्हणायलाही हरकत नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने ज्या संख्या ओळखल्या जातात, त्यांत १४२८५७ बसते: तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा १४२८५७.

बँकेला मात्र ही साखळी नको असते, तिला दोन दशांश स्थळं हवीत. तेव्हा प्रत्येक भाग जवळच्या पैशापर्यंत आणा: ४२.८६, ४२.८६ आणि १४.२९. बेरीज करून पाहा. १००.०१! शंभराच्या सुटीतून एक पैसा जास्त वाटला गेला. कोणी चुकलेलं नाही, प्रत्येक आकडा स्वतःपुरता अगदी बरोबर आहे. तिन्ही भाग योगायोगाने वरच्या बाजूला वळले, एवढंच.

एका पैशाचं काय एवढं? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पैसा हातात धरता येत नाही, पण खात्यांत तो ठणठणीत जिवंत आहे. या ऑर्डरच्या तिन्ही वस्तू परत केल्या तर परतावा होतो १,२९९.९९. पैसे भरले १,३००. यंत्रणेच्या लेखी ऑर्डर कधीच 'पूर्ण परत' होत नाही, एक पैसा लटकत राहतो आणि महिनाअखेरच्या ताळेबंदात कोणीतरी तो शोधत बसतं.

उलट दिशेला गेलं तर जास्त वाईट. ४९९ चे तीन टॉवेल घ्या, बेरीज १,४९७, शंभर सूट, भरले १,३९७. प्रत्येकाची सूट ३३.३३, म्हणून प्रत्येकाचा परतावा ४६५.६७. दोन टॉवेल परत गेले, सगळं सुरळीत. तिसऱ्याच्या वेळी एकूण परतावा होतो १,३९७.०१, आणि पैसे परत करणारी पेमेंट यंत्रणा नकार देते, कारण भरल्यापेक्षा जास्त रक्कम परत करायची तिला मुभा नसते. ग्राहक फोन करून विचारतो, दोन टॉवेलचे पैसे आले, तिसऱ्याचे का अडले? समोरच्या माणसाला पडद्यावर काहीच वावगं दिसत नाही. शेवटचाच परतावा अडकत असेल आणि आधीचे बिनबोभाट गेले असतील, तर संशय पहिल्यांदा या पैशावर घ्यावा.

यावरचा उपाय सोपा आहे. सगळं पैशांच्या पूर्णांकात करा, रुपयांच्या अपूर्णांकात नको. सूट १०,००० पैसे. कुर्त्याचा वाटा ४,२८५.७१, इस्त्रीचा ४,२८५.७१, पुस्तकाचा १,४२८.५७. आधी सगळ्यांचे अपूर्णांक सरळ कापून टाका: ४,२८५, ४,२८५, १,४२८. बेरीज ९,९९८. दोन पैसे उरले. ते ज्यांचा कापलेला तुकडा सगळ्यात मोठा होता त्यांना एकेक द्या. कुर्ता आणि इस्त्रीचे तुकडे ०.७१ चे, पुस्तकाचा ०.५७ चा, म्हणून दोन्ही पैसे त्या दोघांना. सूट झाली ४२.८६, ४२.८६, १४.२८. बेरीज नेमकी शंभर. परतावे ५५७.१४, ५५७.१४ आणि १८५.७२, बेरीज नेमकी १,३००. तुकडे अगदी सारखे असतील, जसे टॉवेलचे, तर उरलेला पैसा बिलातल्या पहिल्या ओळीला द्यायचा असा कायमचा नियम ठरवायचा, म्हणजे कोणीही कधीही हिशेब केला तरी तोच येईल.

ही युक्ती दुकानदारांनी शोधलेली नाही. ती अमेरिकेच्या संसदेतून आली आहे. १७९० च्या जनगणनेनंतर राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटायच्या होत्या आणि तिथेही हीच अडचण: अर्धा खासदार निवडता येत नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी हीच रीत सुचवली, पूर्णांक आधी द्या, उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकांना द्या. १७९२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ते विधेयक फेटाळलं. अमेरिकेच्या अध्यक्षाने वापरलेला तो पहिला नकाराधिकार. रीत पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर परत आली आणि काही दशकं चालली. राज्यांच्या जागी कुर्ता, इस्त्री, पुस्तक ठेवा आणि खासदारांच्या जागी पैसे ठेवा, गणितात एका अक्षराचा फरक पडत नाही.

त्या रीतीत एक भूतही होतं, आणि तेही आपल्या ऑर्डरमध्ये जसंच्या तसं उतरलंय. १८८० च्या जनगणनेनंतर संसदेत किती जागा ठेवाव्यात हे ठरवण्यासाठी जनगणना कार्यालयातले सी. डब्ल्यू. सीटन वेगवेगळ्या आकड्यांचे तक्ते करत होते. त्यांच्या लक्षात आलं की एकूण २९९ जागा असतील तर अलाबामाला ८ मिळतात, आणि ३०० केल्या तर ७. एकूण वाढलं आणि वाटा घटला!

आता आपली सूट १०० ऐवजी ९९.९९ रुपये होती असं धरा, म्हणजे ९,९९९ पैसे. वाटे होतात ४,२८५.२९, ४,२८५.२९ आणि १,४२८.४३. कापून ४,२८५, ४,२८५, १,४२८. या वेळी एकच पैसा उरतो, आणि सगळ्यात मोठा तुकडा पुस्तकाचा आहे, ०.४३. तो पैसा पुस्तकाला. पुस्तकावरची सूट १४.२९. आता दुकानदाराने उदार होऊन सूट एका पैशाने वाढवली, पूर्ण शंभर केली. पुस्तकावरची सूट झाली १४.२८. सूट वाढली आणि पुस्तकाचा वाटा कमी झाला!

हे का होतं ते अगदी जवळून दिसतं. तो जास्तीचा एक पैसा वाटताना कुर्त्याचा तुकडा ०.२९ वरून ०.७१ वर उडी मारतो, कारण महाग वस्तूचा वाटा तिप्पट वेगाने वाढतो. पुस्तकाचा बिचारा ०.४३ वरून ०.५७ वर सरकतो. कालपर्यंत पुढे असलेलं पुस्तक आज दोघांच्या मागे पडतं, उरलेले दोन्ही पैसे ते दोघे नेतात आणि पुस्तकाला आधी मिळालेला पैसाही हातचा जातो. मिशेल बॅलिन्स्की आणि पेटन यंग या दोघांनी पुढे सिद्ध करून दाखवलं की प्रत्येकाचा वाटा अपूर्णांकाच्या लगतच्या दोन पूर्णांकांतच ठेवायचा म्हटलं, तर अशा विसंगतींतून पूर्ण सुटका करणारी वाटणीची रीतच असू शकत नाही.

मग दुकानाने काय करायचं? भुताला पळवून लावता येत नाही, पण त्याला एकदाच येऊ द्यायचं. वाटणी ऑर्डर पक्की होताना एकदा करायची आणि प्रत्येक ओळीपुढे तिचा वाटा लिहून ठेवायचा. परतावा देताना नव्याने भागाकार नाही, लिहिलेला आकडा वाचायचा आणि किमतीतून वजा करायचा. परताव्याच्या गोंधळाचं नेहमीचं मूळ म्हणजे उरलेल्या मालावर उरलेली सूट पुन्हा वाटायचा मोह. प्रत्येक वेळी एखादा पैसा इकडून तिकडे जातो आणि तीन परताव्यांनंतर काय कुठे गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. एकाच ओळीत तीन नग असतील तर ओळीचा एकूण आकडा पक्का धरून पुढे जायचं: एक टॉवेल परत आल्यावर एकूण ४६५.६७ दिलेले हवेत, दोन आल्यावर ९३१.३३, तिन्ही आल्यावर १,३९७. फरक काढला की परतावे मिळतात ४६५.६७, ४६५.६६, ४६५.६७. मधल्याला एक पैसा कमी का, असं कोणी विचारत नाही, आणि शेवटचा परतावा अडकत नाही.

या सगळ्यात सरकारही एक बाजू आहे, आणि तिथे हे वाटे पैशापैशाचे राहत नाहीत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, या किमतीच्या कुर्त्यावर ५ टक्के, इस्त्रीवर १८ टक्के. किमतींत कर धरलेला आहे. शंभराची सगळी सूट इस्त्रीवर दाखवली तर कर १५.२५ रुपयांनी कमी होतो. कुर्त्यावर दाखवली तर ४.७६ ने. पुस्तकावर दाखवली तर एका पैशानेही नाही. किमतीच्या प्रमाणात वाटली तर ८.५८ ने. ग्राहकाने भरले तेच १,३००, पण त्यातले सरकारचे किती हे सूट कुठे बसली यावर ठरतं. २०१७ च्या कायद्यानुसार विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वगळली जाते, म्हणून वाटणी बिलातच ओळीगणिक लिहिलेली असणं दुकानाच्याही सोयीचं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवर २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के असा दर आहे. कराआधी २,६०० किमतीच्या ड्रेसच्या वाट्याला १२० रुपये सूट आली तर तो २,४८० चा होतो आणि कर ४६८ वरून १२४ वर येतो. कूपनचा एक तुकडा त्याला खालच्या दरात ढकलतो.

कुर्ता परत येतो तेव्हा दुकान क्रेडिट नोट काढतं, ५५७.१४ ची: ५३०.६१ कपड्याचे आणि २६.५३ कराचे. हा कर राज्यांतर्गत विक्रीत केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा वाटायचा असतो, आणि २६.५३ चे दोन सारखे भाग पैशात होत नाहीत. मग दोन्हीकडे १३.२७ लिहायचे आणि एक पैसा कपड्याच्या रकमेतून काढून ती ५३०.६० करायची, हा एक मार्ग. म्हणजे पैशाचं भूत इथेही हजर.

तुमच्या एखाद्या जुन्या बिलावर हे पडताळून पाहायचं असेल तर ओळीपुढचा सवलतीचा रकाना शोधा. भरलेल्या रकमेला सूट लागण्याआधीच्या बेरजेने भागा, आलेल्या आकड्याने वस्तूची किंमत गुणा. उत्तर किमतीतून सवलत वजा केल्यावरच्या आकड्याशी, आणि वस्तू परत केली असेल तर परताव्याशीही, पैशा-दोन पैशांत जुळायला हवं. डिलिव्हरीचे पैसे या भागाकारात धरू नका, ते सुटीचा भाग नसतात. त्याहून मोठा फरक पडला तर कूपन काही ठरावीक वस्तूंपुरतंच होतं का ते बघा, आणि तसं नसेल तर कूपनच्या अटींत 'परत केल्यावर पायरी मोडल्यास सूट रद्द' असं वाक्य आहे का ते बघा. ते असेल तर दुकान ५०० वाला तर्क चालवतंय.